एक अहवाल, तीन अधिकारी, तीन गुण

अंगणवाडीच्या भेटीचा एक अहवाल समोर ठेवू. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात असा कागद सापडेल. 'आज रोजी अंगणवाडीस भेट दिली. अंगणवाडी वेळेवर उघडलेली होती. परिसर स्वच्छ. मुलांची उपस्थिती समाधानकारक. आहार नियमित दिला जातो. दरमहा वजने घेतली जातात. सेविकेस योग्य त्या सूचना दिल्या.' खाली मुख्यसेविकेची सही आणि तारीख.

हा अहवाल तीन बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे पाठवला आणि दहापैकी गुण द्या म्हटलं, तर काय होईल? एक म्हणेल, सगळे मुद्दे आले आहेत, भाषा नीट आहे, आठ. दुसरा म्हणेल, यातून मला काहीच कळलं नाही, तीन. तिसऱ्याला ही मुख्यसेविका ठाऊक असते, ती कामाची आहे हे माहीत असतं. तो सात देईल. तिघेही प्रामाणिक आणि तिघांनीही अहवाल पूर्ण वाचलेला. तरी गुण तीन ते आठ. मग जिल्ह्याच्या बैठकीत 'या प्रकल्पातले अहवाल चांगले, त्या प्रकल्पातले कमी दर्जाचे' असा निष्कर्ष निघतो, तेव्हा तो निष्कर्ष बहुतेक वेळा अहवालांबद्दल नसतो, तपासणाऱ्यांबद्दल असतो.

परीक्षेच्या जगाला हे शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. 1912 मध्ये अमेरिकेतल्या डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांतल्या शिक्षकांकडे पाठवल्या आणि परत आलेल्या गुणांत प्रचंड तफावत निघाली. भाषेत असं होणारच, असं लोक म्हणाले. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, आणि तिथेही तेच झालं.

आपल्या कामासाठी मात्र 1961 चा पॉल डीडरिक, जॉन फ्रेंच आणि सिडेल कार्लटन यांचा अभ्यास जास्त मोलाचा आहे. त्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांचे 300 निबंध 53 वाचकांना दिले. वाचकांत इंग्रजीचे आणि इतर विषयांचे प्राध्यापक होते, लेखक-संपादक होते, वकील आणि कंपन्यांतले अधिकारीही होते. कसलाही निकष न देता, गुणवत्तेनुसार नऊ गठ्ठे करा, एवढंच सांगितलं. 300 पैकी 101 निबंध असे निघाले की त्यांना कोणी ना कोणी पहिल्यापासून नवव्यापर्यंतच्या प्रत्येक गठ्ठ्यात टाकलं होतं. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. कोणाचे गठ्ठे कोणाशी जुळतात ते त्यांनी पाहिलं, तेव्हा वाचकांचे पाच गट दिसले. एका गटाचं लक्ष विचारांवर होतं, दुसऱ्याचं शुद्धलेखन-व्याकरणावर, तिसऱ्याचं मांडणीवर, चौथ्याचं शब्दयोजनेवर आणि पाचव्याचं लेखनातल्या व्यक्तिमत्त्वावर. म्हणजे हा सारा निष्काळजीपणाचा गोंधळ नव्हता. हे लोक वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते, आणि सगळ्यांना 'गुणवत्ता' हे एकच नाव देत होते.

आपल्या तीन अधिकाऱ्यांचंही हेच झालं आहे. एकाने पूर्णता मोजली, दुसऱ्याने उपयोग मोजला, तिसऱ्याने माणूस मोजला. यावर 'सर्वांनी वस्तुनिष्ठपणे तपासणी करावी' असं परिपत्रक काढून काही होत नाही. काय मोजायचं आणि कागदावर काय दिसलं की किती गुण, हे ठरवून लिहून ठेवावं लागतं. शिक्षणखात्यात याला रुब्रिक म्हणतात. आपण गुणांकन तक्ता म्हणू.

बहुतेक कार्यालयांत असा तक्ता एका दुपारी बैठकीत तयार होतो. कोणीतरी फळ्यावर लिहितं: भाषा, मांडणी, अचूकता, सखोलता, सादरीकरण. प्रत्येकाला वीस गुण. शेजारी रकाने: उत्कृष्ट, चांगला, मध्यम, असमाधानकारक. हा तक्ता निरुपयोगी आहे. कारण भांडण ज्या शब्दांवरून होतं तेच शब्द यात नव्या रकान्यांत बसवले आहेत. 'सखोलता: चांगली' म्हणजे काय, हे पुन्हा प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवायचं.

तक्ता खऱ्या अहवालांतून काढावा लागतो. समजा, एका जिल्ह्याने गेल्या वर्षभरातले तीस भेट-अहवाल काढले. त्यांवरची नावं, गावं, प्रकल्प झाकले आणि झेरॉक्स करून तीन अधिकाऱ्यांना दिले. तिघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून तीन गठ्ठे करायचे: यावरून मी उद्या काम करू शकतो, थोडी विचारपूस करून करू शकतो, यावरून काहीच करता येत नाही. प्रश्न 'चांगला की वाईट' असा विचारायचा नाही, कारण अहवाल कोणाच्या तरी कामासाठी लिहिलेला असतो. भेट-अहवाल वाचून प्रकल्प अधिकाऱ्याला ठरवायचं असतं की काटा पाठवायचा, सेविकेला प्रशिक्षण द्यायचं, आरोग्य केंद्राला कळवायचं, की काहीच करायची गरज नाही.

मग गठ्ठे शेजारी शेजारी ठेवायचे. जे अहवाल तिघांनीही एकाच गठ्ठ्यात टाकले ते पुढे नमुने म्हणून उपयोगी पडतात. जे तीन वेगळ्या गठ्ठ्यांत गेले ते त्याहून मोलाचे, कारण मतभेद नेमका कुठे आहे ते तेच सांगतात. अशा प्रत्येक अहवालाबद्दल तिघांनी कारण सांगायचं, आणि कारण सांगताना अहवालातल्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवायचं. 'एकूण बरा वाटला' हे कारण चालणार नाही.

अशा चर्चेत एक चूक हटकून बाहेर येते. एखाद्या अहवालात अंगणवाडीची दुर्दशा लिहिलेली असते: मुलं कमी, धान्याला किडे, वजनांच्या नोंदी खोट्या. तपासणारा अस्वस्थ होतो आणि अहवालाला कमी गुण देतो. वास्तविक तो अहवाल उत्तम आहे. वाईट आहे ती अंगणवाडी. उलट 'सर्व समाधानकारक' लिहिणाऱ्याला बरे गुण मिळतात, कारण वाचताना मनाला त्रास होत नाही. ही चूक काही वर्षं चालली की मुख्यसेविका शहाण्या होतात आणि वाईट बातमी लिहिणं सोडून देतात. म्हणून तक्त्याच्या डोक्यावर पहिलं वाक्य हेच असावं: गुण अहवालाला द्यायचे आहेत, अंगणवाडीला नव्हे.

आमच्या या जिल्ह्यात चर्चेअंती चार निकष उरले असं धरू. पहिला पुरावा: जे लिहिलं ते कसं कळलं? दुसरा कारण: उणीव दिसली तर ती का आहे याचा शोध घेतला का? तिसरा कृती: पुढे कोण, काय, कधीपर्यंत करणार? चौथा पाठपुरावा: मागच्या भेटीत ठरलेल्या गोष्टींचं काय झालं? भाषेला वेगळे गुण नाहीत. भाषा इतकी विस्कळीत असेल की अर्थच लागत नाही, तर ते वरच्या चारांत आपोआप दिसतं. शुद्धलेखनाला गुण ठेवले की तपासणाऱ्याची नजर तिकडेच जाते, कारण ऱ्हस्व-दीर्घाची चूक शोधणं पुराव्याची उणीव शोधण्यापेक्षा फार सोपं असतं. चार निकष पुरेत. दहा केले तर तिसऱ्या अहवालानंतर तपासणारा थकतो आणि एकाच मताचे दहा तुकडे करून लिहू लागतो.

आता सगळ्यात अवघड काम, पायऱ्या लिहिण्याचं. प्रत्येक निकषाला चार पायऱ्या. तीन किंवा पाच ठेवल्या तर मधली पायरी ही न ठरवण्याची सोय होते. पायऱ्या 'थोडं, बरंच, पुष्कळ' अशा प्रमाणाने लिहायच्या नाहीत. प्रत्येक पायरीवर काहीतरी वेगळ्या जातीचं दिसलं पाहिजे. पुराव्याच्या पायऱ्या अशा लिहिता येतील. पहिली: नुसते शेरे आहेत, संख्या, वेळ, नाव यांपैकी काही नाही. दुसरी: आकडे आहेत, पण ते सेविकेने सांगितलेले किंवा नोंदवहीतून उतरवलेले. तिसरी: लिहिणारीने किमान एक गोष्ट स्वतः मोजली किंवा पाहिली, आणि कशी ते लिहिलं. चौथी: स्वतः मोजलेलं आणि नोंदीतलं शेजारी ठेवलं, आणि फरक आहे की नाही ते स्पष्ट सांगितलं. या पायऱ्यांवर वाद घालायला फारशी जागा नाही. लेखाच्या सुरुवातीचा अहवाल घ्या. तो पहिल्या पायरीवर बसतो, त्याला दुसरी द्यायला कागदावर एक आकडाही नाही.

त्याच्या शेजारी दुसरा अहवाल ठेवू, बनवलेलाच, पण अशा अहवालांत आढळतो तसा. 'हजेरीपत्रकात 27 मुले. सव्वाअकरा वाजता मोजली तेव्हा 14. तीव्र कुपोषित यादीत एक मूल. काटा रिकामा असताना 400 ग्रॅम दाखवत होता. मध्यम कुपोषित यादीतल्या एका मुलाचा दंडघेर मोजला, 11.3 सेंमी आला. काटा चुकीचा असल्याने वजने जास्त नोंदली जात असावीत. सेविकेस योग्य त्या सूचना दिल्या.' सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असला तर ते तीव्र कुपोषित धरतात, म्हणजे या बाईने मध्यमच्या यादीत लपलेलं एक गंभीर मूल शोधून काढलं आहे. पुरावा चौथी पायरी, वाद नाही. कारणही शोधलं आहे: 400 ग्रॅम फुगवणारा काटा सात किलोचं मूल सात किलो चारशेचं दाखवतो आणि तेवढ्याने ते यादीबाहेर राहू शकतं. पण कृती? त्या मुलाला आरोग्य केंद्रात कोण नेणार, काटा कधी बदलणार, याबद्दल एक अक्षर नाही. 'योग्य त्या सूचना' म्हणजे कृतीला पहिली पायरी, आणि मागच्या भेटीचा उल्लेख नाही म्हणून पाठपुराव्यालाही पहिलीच.

इथे तपासणाऱ्याचा हात अडखळतो. एवढ्या चांगल्या अहवालाला दोन ठिकाणी एक कसा द्यायचा? तो कृतीलाही तीन देऊन मोकळा होतो. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्येच दाखवलं होतं की वरिष्ठ अधिकारी हाताखालच्यांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व असे वेगवेगळे गुण जोखतात तेव्हा ते आकडे संशयास्पद वाटावेत इतके एकमेकांशी जुळतात. एका गुणाची छाप दुसऱ्यावर पडते. यावर उपाय कामाच्या पद्धतीतच आहे. एक अहवाल घेऊन चारही निकष तपासायचे नाहीत. आधी सगळ्या अहवालांचा फक्त पुरावा तपासायचा, मग गठ्ठा पिसून पुन्हा सगळ्यांची फक्त कृती. वेळ थोडा जास्त लागतो. पण छाप पुसली जाते, आणि एका भयंकर अहवालानंतर आलेला साधा अहवाल उगाच चांगला वाटणंही कमी होतं.

चार निकषांची बेरीज करायचा मोह टाळावा, असं माझं ठाम मत आहे. आपल्या या अहवालाचे 4, 4, 1, 1 मिळून दहा होतात. 2, 3, 2, 3 मिळवणारा अहवालही दहावरच येतो. पहिल्या बाईंना कृती लिहायला शिकवायचं आहे, दुसऱ्यांना सगळंच थोडं थोडं. बेरजेत हे दिसेनासं होतं.

पायऱ्या लिहून झाल्या की त्यांना उदाहरणं जोडायची: प्रत्येक पायरीला खऱ्या अहवालातला एक उतारा, नाव-गाव झाकून. कोणता उतारा ठेवावा हे तपासून घ्यायची एक सुरेख रीत पॅट्रिशिया केन स्मिथ आणि लॉर्न केंडल यांनी 1963 मध्ये परिचारिकांच्या कामाचं मूल्यमापन बसवताना दिली. एका गटाने निकष आणि उदाहरणं तयार करायची. मग ती उदाहरणं सुटी करून दुसऱ्या गटाला द्यायची आणि विचारायचं, हे कोणत्या निकषाखाली येतं? दुसरा गट ते बहुमताने जागच्या जागी ठेवू शकला नाही, तर उदाहरण टाकून द्यायचं. एखाद्या निकषाखालची बरीच उदाहरणं भरकटली, तर निकषच संदिग्ध. आपल्याकडे हा दुसरा गट शेजारच्या तालुक्यातल्या चार मुख्यसेविकांचा असू शकतो. त्यांना उदाहरणं ओळखता आली नाहीत, तर तक्ता लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच राहिला आहे.

यानंतर चाचणी. वीस नवे अहवाल, तीन तपासणारे, आपसांत बोलणं नाही. गुण आल्यावर आधी फरकाचा आकार पाहायचा. समजा, एका अधिकाऱ्याचे गुण प्रत्येक अहवालात इतरांपेक्षा एकाने कमी आहेत. हे त्या काट्यासारखं झालं: शून्य सरकलेलं आहे, पण हलक्याला हलका आणि जडाला जडच म्हणतो. अशा अधिकाऱ्याला नमुना-उतारे घेऊन पुन्हा बसवलं की बहुतेकदा तो जागेवर येतो. तक्त्याला हात लावायची गरज नसते. पण दोघांचे गुण कधी इकडे, कधी तिकडे असे विसकटले असतील, तर तक्त्यातला एखादा शब्द दोघे दोन अर्थांनी वाचत आहेत. हा दोष प्रशिक्षणाने जात नाही. शब्दच बदलावा लागतो.

पुराव्याच्या निकषात असा शब्द कोणता सापडेल, ते सांगता येतं. 'पोषण ट्रॅकरवरील नोंदी तपासल्या' असं वाक्य असलेल्या अहवालाला एक जण दोन देईल, दुसरा तीन. एकाच्या मते ॲप पाहणं म्हणजे नोंद उतरवणं, दुसऱ्याच्या मते ती स्वतः केलेली पडताळणी. यात बरोबर कोण हे फिरवून फिरवून ठरवण्यापेक्षा तिसऱ्या पायरीत एक ओळ वाढवावी: नोंदवही किंवा ॲप पाहणं ही पडताळणी नव्हे, मूल, धान्य, काटा यांपैकी काहीतरी प्रत्यक्ष पाहिलेलं असावं. फोटोचंही तसंच. फोटो जोडला आहे एवढ्याने पायरी चढत नाही. फोटोत काय पाहायचं ते अहवालात लिहिलेलं असलं तरच तो धरायचा. असे निर्णय तारखेसह एका वहीत लिहून ठेवावेत. सहा महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा येतो, आणि वही नसली तर उत्तर वेगळं मिळतं.

मतं किती जुळली हे आकड्यात सांगायचं तर टक्केवारीवर विसंबू नये. समजा, दोन अधिकाऱ्यांनी वीस अहवालांचा फक्त 'स्वीकारा' किंवा 'परत पाठवा' एवढाच निर्णय दिला. 15 अहवाल दोघांनीही स्वीकारले, 1 दोघांनीही परत केला, उरलेल्या 4 वर मतभेद, दोन्ही बाजूंनी दोन-दोन. म्हणजे 16 ठिकाणी एकमत, 80 टक्के. ऐकायला छान वाटतं. पण प्रत्येकाने 20 पैकी 17 स्वीकारले आहेत. न वाचता, नुसत्या याच प्रमाणात शिक्के मारले असते तरी 0.85 गुणिले 0.85 अधिक 0.15 गुणिले 0.15, म्हणजे सुमारे 74.5 टक्के ठिकाणी एकमत झालंच असतं. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये सुचवलेलं कापा हे माप हा योगायोगाचा भाग वजा करतं:

```
(0.80 - 0.745) / (1 - 0.745) = 0.22 (सुमारे)
```

पूर्ण एकमताला 1 आणि निव्वळ योगायोगाला 0 धरलं तर 0.22 म्हणजे फार थोडं. परत पाठवण्याजोग्या अहवालांपुरतं पाहिलं तर चित्र उघडच आहे: दोघांनी मिळून पाच वेगवेगळे अहवाल परत केले आणि त्यांतल्या एकावरच त्यांचं जमलं. चार पायऱ्यांच्या गुणांसाठी याच मापाचं भारित रूप वापरतात; त्यात एका पायरीचा फरक थोडा आणि तीन पायऱ्यांचा फरक मोठा धरला जातो. वीस अहवालांवरून निघालेला कापा डळमळीत असतो, हेही ध्यानात ठेवावं. एखाद-दुसऱ्या अहवालाने तो बराच हलतो, म्हणून आकड्याइतकंच कुठे बिनसलं ते वाचून पाहावं.

तक्ता लागू झाल्यावरही तपासणारे हळूहळू सरकतात. मार्चअखेरीच्या धावपळीत सैल होतात, एखाद्या तक्रारीनंतर कडक होतात. म्हणून दर महिन्याच्या गठ्ठ्यात दोन-तीन जुने, आधीच गुण ठरलेले अहवाल नव्यांमध्ये न सांगता मिसळावेत. त्यांचे गुण बदलले तर अहवाल बदललेले नाहीत हे नक्की असतं.

या तक्त्याची एक मर्यादा मात्र कोणत्याही सुधारणेने जात नाही. तो कागद तपासतो, गाव नाही. सव्वाअकरा वाजता 14 मुलं मोजली असं घरी बसून लिहिलं, तरी पुराव्याची चौथी पायरी मिळते. खरेपणा तपासायचा तर दुसऱ्या कोणीतरी काही अंगणवाड्यांना न कळवता जावं लागतं, आणि ते वेगळं काम आहे. म्हणूनच या गुणांवर वेतनवाढ, बदली किंवा कारणे दाखवा नोटीस टांगू नये. टांगली की चौथ्या पायरीची वाक्यं पाठ होतात आणि 14 व 27 हे आकडे सोयीने लिहिले जातात.

हे सारं एकदम करायला वेळ नसेल तर एवढंच करा. आपल्या कार्यालयातले दहा जुने अहवाल काढा, नावं झाका, दोन सहकाऱ्यांना द्या आणि तिघांनी वेगवेगळे बसून गुण द्या. ज्या अहवालावर सर्वांत जास्त फरक पडेल तो मध्ये ठेवून प्रत्येकाने कोणत्या वाक्यामुळे किती गुण दिले ते लिहा. तुमच्या तक्त्याचा पहिला निकष त्या कागदावर मिळेल. आणि तक्ता तयार झाला की तो तपासणाऱ्यांच्या कपाटात ठेवू नका; पुढची भेट होण्याआधी मुख्यसेविकांच्या हातात द्या.